पंचवीस रुपये आणि एक अपुरा पत्ता

हे प्रकरण डिसेंबर २०२५ मधलं, नागपुरात त्रिमूर्ती नगरातल्या एका घरातलं. घरात दोघंच राहतात. काका एकाहत्तर वर्षांचे, सरकारी नोकरीतून निवृत्त, पेन्शन बँकेत जमा होते. काकू फोनवर काकांपेक्षा कमी असतात, पण वाचतात जास्त. मुलगी पुण्याला. मी मागच्या गल्लीत राहतो. बँकेत तीस वर्षं काउंटरवर काढली म्हणून आळीतले लोक फसवणुकीची शंका आलेले मेसेज घेऊन माझ्याकडे येतात. काका-काकूंच्या परवानगीने हे लिहितोय. नावं त्यांनी नको म्हटली, म्हणून नाहीत.

एका आठवड्यात काकांच्या फोनवर चार मेसेज आले. तीन खोटे, एक खरा. गंमत अशी की काका ज्याला भुलले तो खोटा होता आणि ज्याला खोटा समजून उडवला तो खरा.

सोमवारी पहिला आला. मजकूर इंग्रजीत होता, मराठीत असा: ‘प्रिय ग्राहक, तुमचं केवायसी अपूर्ण असल्याने खातं आज रात्री बंद होईल. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं अ‍ॅप टाकून लगेच अपडेट करा.’ पाठवणारा साधा दहा आकडी मोबाइल नंबर. व्हॉट्सअ‍ॅपवर खरंच एक फाइल आलेली, `Bank_KYC_Update.apk`, आणि प्रोफाइलला बँकेचा लोगो. काकांनी फाइल दाबली, फोनने ‘अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप टाकायचं का’ असं विचारलं, काकांना ते समजलं नाही आणि त्यांनी फोन बाजूला ठेवला. ते वाचले ते हुशारीने नाही, कंटाळ्याने. ते अ‍ॅप टाकलं असतं तर त्याने पहिली परवानगी मेसेज वाचायची मागितली असती आणि मग येणारा प्रत्येक ओटीपी परस्पर भामट्याच्या फोनवर गेला असता. कुणी असं अ‍ॅप टाकून बसलं असेल तर आधी मोबाइल डेटा आणि वायफाय बंद करायचं, दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवायचं आणि मग ते अ‍ॅप काढायचं. निघत नसेल तर फोन पूर्ण रिसेट करून घ्यायचा.

बुधवारी दुसरा मेसेज आला आणि खरं प्रकरण इथून सुरू होतं.

मुलीने पुण्याहून बीपी मोजायचं मशीन स्पीड पोस्टाने पाठवलं होतं. काका रोज फाटकाकडे बघून राहिले होते. अशात मेसेज आला: ‘भारतीय डाक: तुमचं पार्सल गोदामात पोहोचलं आहे. पत्ता अपुरा असल्याने वितरण होऊ शकलं नाही. ४८ तासांत पत्ता दुरुस्त करा, नाहीतर पार्सल परत जाईल.’ खाली लिंक. हिची रचना मी जशीच्या तशी देतो, फक्त कुणी चुकून उघडू नये म्हणून मधला भाग आणि शेपूट बदललं आहे:

```
https://indiapost.gov.in.pin-verify.example/in
```

काकांनी दाबली. पोस्टाचं लाल-पिवळं पान उघडलं. नाव, पत्ता, पिनकोड, मोबाइल नंबर विचारला, त्यांनी भरला. पुढच्या पानावर ‘पुन्हा वितरण शुल्क २५ रुपये’, आणि ते फक्त डेबिट कार्डानेच. काकांनी कार्डाचा नंबर, मुदतीची तारीख आणि मागचे तीन आकडे भरले. ओटीपी आला. त्यांचा चष्मा देवघरात राहिलेला, म्हणून त्यांनी काकूंना हाक मारली, ‘जरा आकडे वाच गं.’

काकूंनी आकडे वाचले नाहीत, सगळा मेसेज वाचला. ‘अहो, पंचवीस रुपये कुठे आहेत यात? चोवीस हजार नऊशे नव्व्याण्णव लिहिलं आहे. आणि कोण्या दुकानाचं नाव आहे.’

तिथेच सगळं थांबलं. घाईच्या माणसाला ओटीपीचा मेसेज म्हणजे सहा आकडे वाटतात. पण त्याच मेसेजमध्ये रक्कम असते आणि पैसे कोणाला जाणार ते असतं, आणि तो मजकूर भामट्याच्या पानावरून नव्हे, बँकेकडून आलेला असतो. पानावर २५ लिहिणं भामट्याच्या हातात आहे, पण ओटीपीच्या मेसेजमधला आकडा त्याला बदलता येत नाही. तुम्ही खोट्या पानावर कार्ड भरत असता, त्याच वेळी तिकडे कुणीतरी तोच नंबर एखाद्या खऱ्या ऑनलाइन दुकानात भरत असतो. बँकेला दिसतो तो हा दुसरा व्यवहार, आणि ओटीपी त्याचाच येतो. ‘२५ रुपयांसाठी कोण फसवेल’ असं काका नंतर म्हणाले. रक्कम लहान ठेवतात ती याच विचारासाठी. पंचवीस रुपयांवर माणूस हुज्जत घालत नाही.

काकू मला बोलवायला आल्या तेव्हा काकांचा पहिला प्रश्न होता, ‘पण त्यांना कळलं कसं की माझं पार्सल येऊन राहिलं आहे?’

कळलं नव्हतं. असा मेसेज ढिगाने नंबरांवर जातो. त्यातल्या पुष्कळांचं काही ना काही येणार असतंच, निदान नागपुरात डिसेंबरात तरी. बाकीचे पुसून टाकतात. ज्याची वाट बघणं चालू आहे त्याला मात्र तो मेसेज आपल्यासाठीच लिहिलेला वाटतो. जुळून आलं म्हणजे खरं, ही आपली सवय आहे. पत्रिका बघतानाही आपण हेच करतो.

मग मी काकांना तो मेसेज पुन्हा वाचायला लावला आणि विचारलं, यात तुम्हाला आधी माहीत नव्हतं असं काय आहे? काहीच नव्हतं. पार्सल कोणी पाठवलं, कुठल्या गावाहून, नंबर काय, यातलं एक अक्षर नाही. स्पीड पोस्टाच्या प्रत्येक पार्सलला तेरा अक्षरांचा नंबर असतो: सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरं, मध्ये नऊ आकडे, शेवटी `IN`. तो पाठवणाऱ्याच्या पावतीवर छापलेला असतो. खरा मेसेज तुम्हाला माहिती देतो, खोटा तुमच्याकडून माहिती मागतो. पुण्याला फोन लावला, मुलीने पावतीचा फोटो पाठवला, आणि `indiapost.gov.in` हे मी स्वतः टाइप करून तिथे नंबर टाकला. पार्सल नागपुरात पोहोचलं होतं, पत्ता पूर्ण होता, दुसऱ्या दिवशी वाटपाला निघणार होतं.

काकांना लिंकवर खरंच ‘इंडियापोस्ट डॉट गव्ह डॉट इन’ दिसलं होतं, तेही खोटं नाही. पण वेबसाइटचा पत्ता आपल्या नावासारखा वाचायचा असतो: घराणं आडनावावरून कळतं आणि आडनाव शेवटी येतं. `https://` नंतर पहिली एकेरी तिरपी रेघ येईपर्यंत जायचं आणि तिथून उलटं, उजवीकडून डावीकडे वाचायचं. वरच्या लिंकमध्ये रेघेच्या आधी शेवटी आहे `pin-verify.example`. मालक तो. त्याच्या डावीकडे `indiapost.gov.in` लिहिलं काय आणि राष्ट्रपती भवन लिहिलं काय, ते नुसतं पाळण्यातलं नाव. पाटलांच्या वाड्यासमोर राहायला आला म्हणून जोशी काही पाटील होत नाही. पत्त्याशेजारच्या कुलुपाच्या चित्राचंही तसंच. मधल्या वाटेवर कोणी वाचत नाही एवढंच ते सांगतं. पलीकडे बसलेला चोर आहे की साव, हे कुलपाला ठाऊक नसतं.

बँकांच्या बाबतीत हे वाचणं आता सोपं झालं आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना आपल्या वेबसाइट ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत `.bank.in` या शेवटावर न्यायला सांगितलं, आणि हा शेवट बँकेशिवाय दुसऱ्या कोणाला मिळत नाही. म्हणजे बँकेचं नाव मध्ये कुठेतरी आहे, पण शेवटी `.bank.in` नाही, अशा पानावर काही भरायचं नाही.

ओटीपी दिला नव्हता, पैसे गेले नव्हते. काका म्हणाले, ‘चला, वाचलो, मेसेज डिलीट करून टाकतो.’ मी हात धरला. इथे बरेच जण चुकतात. पैसे गेले नाहीत, तरी कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे आता दुसऱ्याकडे आहेत. परदेशातल्या काही साइटवर ओटीपीशिवायही व्यवहार होतो. काकांच्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद होते, ऑनलाइन मात्र जावयाने रेल्वेच्या तिकिटांसाठी चालू करून दिलेलं. तरीही ते कार्ड मेलेलंच धरायचं. कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर फोन करून ते कायमचं बंद केलं आणि नवीन मागवलं. तो नंबर इंटरनेटवर शोधायचा नाही, कारण तिथे ‘कस्टमर केअर’ म्हणून भामट्यांनी आपलेच नंबर पेरून ठेवलेले असतात.

मग तक्रार. इथे दोन रस्ते आहेत आणि ते वेगळे आहेत. पैसे गेले असतील तर १९३० वर फोन, किंवा `cybercrime.gov.in`. इथे मिनिटं महत्त्वाची, कारण गेलेला पैसा एका खात्यात थांबत नाही. भाड्याच्या खात्यांमधून पुढे पुढे सरकतो आणि शेवटी एटीएममधून रोख निघतो. १९३० वरची तक्रार त्या साखळीतल्या बँकांकडे जाते आणि जिथे पैसा सापडेल तिथे अडवून ठेवता येतो. फोन करताना व्यवहाराचा नंबर, वेळ आणि रक्कम हाताशी हवी. बँकेलाही त्याच वेळी कळवायचं. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या नियमाप्रमाणे ग्राहकाने स्वतःच ओटीपी देऊन टाकला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. लाजेपोटी रात्रभर गप्प राहिलेला माणूस ती रात्र आपल्या खिशातून भरतो.

काकांचे पैसे गेले नव्हते, म्हणून दुसरा रस्ता: `sancharsaathi.gov.in` वरची ‘चक्षू’ ही सोय. फसवणुकीचा प्रयत्न वाटणारे फोन आणि मेसेज तिथे कळवता येतात. मेसेजचा स्क्रीनशॉट, पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख, वेळ असं भरत गेलो. शेवटी तिथेही मोबाइलवर ओटीपी आला आणि काका ताडकन म्हणाले, ‘नाही म्हणजे नाही! आता तू पण ओटीपी मागून राहिला?’ त्यांचं चुकलं नव्हतं. पत्ता आपण स्वतः टाइप केला आहे, शेवटी `gov.in` आहे आणि हा ओटीपी पैशाचा नाही, फोन तुमचाच आहे ना एवढं बघायचा आहे, हे त्यांना त्या मेसेजच्या मजकुरावरूनच दाखवलं. तेव्हा कुठे त्यांनी तो दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. ‘काका, पार्सलवाला बोलतो, त्रिमूर्ती नगरात तुमचं घर सापडून नाही राहिलं.’ बोली अस्सल आपल्याकडची, पत्ता अगदी बरोबर. होणारच, आदल्या दिवशी काकांनीच भरलेला. पुढे तो म्हणाला, ‘आमच्या मुलाशी फोन जोडून देतो, एवढा कोड डायल करा.’ कोड `*21*` ने सुरू होऊन पुढे एक मोबाइल नंबर आणि शेवटी `#`. हा कोड पार्सलचा नाही, कॉल वळवण्याचा आहे. तो लावला की तुमचे सगळे फोन त्या नंबरवर जातात. त्यात ओटीपी बोलून सांगणारा फोन आला, बँकेने खात्री करायला केलेला आला, तरी तुमचा फोन वाजत नाही. काकांनी कोड डायल न करता फोन काकूंकडे दिला, ही मला प्रगती वाटली. असा कोड कोणी लावून बसलं असेल तर `*#21#` डायल करून कॉल वळवलेले आहेत का ते कळतं आणि `##002#` ने सगळं वळवणं रद्द होतं.

त्या दुपारी खरा पोस्टमन आला, मशीन देऊन सही घेऊन गेला. घर त्याला बरोब्बर सापडलं.

शुक्रवारचा मेसेज बक्षिसाचा: केबीसीची पंचवीस लाखांची लॉटरी, व्हॉट्सअ‍ॅपवर संपर्क करा, आधी ‘टॅक्स आणि प्रोसेसिंग’चे साडेबारा हजार. यावर काका स्वतःच हसले, ‘तिकीट काढलंच नाही, तर लागलं काहून?’ त्यावर एकच भर घालतो, कारण ‘टॅक्स’ शब्दाने शिकलेली माणसंही चपापतात. रोख बक्षिसावर कर खरंच आहे, दहा हजारांवरच्या बक्षिसाला ३० टक्के, पण तो देणारा कापून घेतो आणि उरलेलं तुम्हाला देतो. जिंकणाऱ्याने आधी कोणाच्या यूपीआयवर कर पाठवायचा, अशी रीत नाही.

आता चौथा. तो काकांनी मला दाखवलाच नव्हता. शनिवारी मी सहज त्यांचे मेसेज वर सरकवत होतो, तर ‘हटवलेले’मध्ये बँकेचाच एक दिसला. केवायसीची मुदत संपत आली आहे, शाखेत या किंवा नेहमीच्या मार्गाने अद्ययावत करा. लिंक नाही, आजच्या रात्रीची धमकी नाही. पाठवणाऱ्याच्या जागी नंबर नव्हता, तर दोन अक्षरं, रेघ, बँकेच्या नावाची सहा अक्षरं, आणि शेवटी `-S`.

‘तूच म्हणाला ना, केवायसीचे मेसेज खोटे असतात,’ काका म्हणाले. मी तसं म्हटलं नव्हतं, पण त्यांनी ऐकलं तसंच होतं. यात माझीही चूक आहे. आपण माणसाला घाबरवतो आणि तो सगळंच फेकून देतो. काकूंनी कपाटातल्या खणातून एक न फोडलेलं पाकीट काढलं. बँकेचंच पत्र, तीन आठवड्यांपूर्वीचं, केवायसीचं.

हे पत्र महत्त्वाचं आहे. साध्या, कमी जोखमीच्या खात्याचं केवायसी बँकेला दहा वर्षांतून एकदा ताजं करावं लागतं. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की मुदतीआधी ग्राहकाला किमान तीनदा कळवायचं आणि त्यातलं एकदा तरी पत्राने. मुदत उलटल्यावर पुन्हा किमान तीन आठवणी, त्यातही एक पत्र. एवढ्या पायऱ्या असताना ‘आज रात्री बंद’ हे कुठल्या पायरीवर बसतं? कुठल्याच नाही. सोमवारच्या मेसेजमधली घाई हाच त्याच्या खोटेपणाचा सगळ्यात मोठा पुरावा होता.

पाठवणाऱ्याच्या नावाबद्दलही इथेच सांगतो. कंपनीला आपल्या नावाने मेसेज पाठवायचे तर दूरसंचार नियामकाच्या व्यवस्थेत ते नाव आधी नोंदवावं लागतं. मे २०२५ पासून त्या नावाच्या शेवटी एक अक्षर लागतं: `P` जाहिरात, `S` सेवा, `T` व्यवहार, `G` सरकारी. नाव कोणाच्या नावावर नोंदलं आहे ते `smsheader.trai.gov.in` वर बघता येतं. म्हणून दहा आकडी मोबाइल नंबरवरून ‘बँक’ बोलली की तो मेसेज सरळ नापास. पण उलट धरू नका. नकली टॉवरसारखं यंत्र गाडीत ठेवून आसपासच्या फोनवर हव्या त्या नावाने मेसेज ढकलण्याचे प्रकार झाले आहेत. तेव्हा नाव नापास करायला उपयोगी आहे, पास करायला पुरेसं नाही.

मग काकांचा चौथा मेसेज खरा हे मी कशावरून ठरवलं? खरं सांगायचं तर मी ते ठरवलंच नाही. सोमवारी आम्ही दोघं शाखेत गेलो. मेसेजमधलं काम खरं असेल तर ते शाखेतही होईल, खोटं असेल तर शाखेत कळेल. दोन्ही बाजूंनी आपल्याला मेसेजची गरज उरत नाही. काउंटरवरच्या बाईंनी खातं बघितलं आणि म्हणाल्या, ‘हो, मुदत आहे, पत्रही गेलं आहे.’ पत्ता बदललेला नव्हता, काहीच बदललेलं नव्हतं, म्हणून ‘काही बदल नाही’ असं स्वयंघोषणापत्र भरून दिलं. तेवढ्यावर झालं. वीस मिनिटं लागली, त्यातली पंधरा रांगेत. बाई म्हणाल्या, हेच नोंदवलेल्या ईमेलवरून किंवा नेट बँकिंगनेही झालं असतं. काका म्हणाले, ‘नको, मी येऊनच जाईन.’

आठ दिवसांनी बँकेचा मेसेज आला: नवीन कार्ड पाठवलं आहे, स्पीड पोस्टाचा नंबर अमुक. खाली लिंकही होती. काका तो मेसेज घेऊन माझ्याकडे आले, पण विचारायला नाही. त्यांनी तेरा अक्षरं कागदावर उतरवून घेतली होती, चष्मा लावून पोस्टाचा पत्ता स्वतः टाइप केला होता आणि कार्ड नागपूरला कधी पोहोचलं ते त्यांना माहीत होतं. लिंक दाबलेली नव्हती. काकूंनी मागून विचारलं, ‘आणि मशीन? बीपी किती आलं ते सांगा की त्यांना.’